७२ तासांची गोळी, ८४ किलो वजन आणि उरलेला वेळ

शेवंती (मंगळवार, रात्री ८.०५)

हा प्रश्न ओळखीच्या डॉक्टरांना विचारण्याचा संकोच वाटतो, म्हणून येथे सगळा तपशील देऊन विचारत आहे. माझे वय ३१ वर्षे, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो आहे. मी विवाहित आहे, अद्याप मूल नाही आणि निदान पुढची दोन वर्षे आम्हाला ते नको आहे. शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास संबंधाच्या वेळी निरोध फाटला. रविवारी घरी पाहुणे असल्यामुळे बाहेर पडता आले नाही. सोमवारी दुपारी चार वाजता मी मेडिकलमधून लिव्होनॉर्जेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची गोळी आणून घेतली. उलटी झाली नाही.

माझी पाळी साधारण २८ ते ३० दिवसांनी येते आणि शनिवार हा पाळीचा बारावा दिवस होता. गोळी ७२ तासांच्या आत घेतल्यामुळे मी निश्चिंत होते, परंतु आज दुपारी असे वाचनात आले की ७० किंवा ८० किलोंपेक्षा जास्त वजन असेल तर ही गोळी लागू पडत नाही. हे खरे आहे का, आणि खरे असल्यास आता आणखी एक गोळी घ्यावी का, एवढेच मला विचारायचे आहे.

औषधी_भांडार (मंगळवार, रात्री ८.३०)

ताई, माझे साताऱ्याकडे औषधांचे दुकान आहे आणि ही गोळी मी बरीच वर्षे विकत आहे. आपण ती सुमारे ४० तासांनी घेतली आहे, म्हणजे मुदतीच्या पुष्कळ आत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या अभ्यासात पहिल्या २४ तासांत घेतल्यास ९५ टक्के, दुसऱ्या दिवशी ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी ५८ टक्के गर्भधारणा टळल्याचे दिसले होते. आपण दुसऱ्या दिवसाच्या गटात येता. वजनाचा गवगवा २०१३ मध्ये युरोपातील एका कंपनीने आपल्या गोळीच्या माहितीपत्रकात तसा इशारा छापला तेव्हा झाला. पुढच्याच वर्षी युरोपच्या औषध नियामक संस्थेने तो काढून टाकायला सांगितला. तरीही मनात शंका असेल तर आज रात्री आणखी एक गोळी घेऊन टाका, त्याने अपाय होत नाही.

गोदाकाठ (मंगळवार, रात्री ९.१०)

कृपया अशा गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. माझ्या जावेने तसेच केले होते आणि तिला पंधरा दिवस रक्तस्राव होऊन शेवटी पिशवी साफ करावी लागली. गर्भपात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा, आणि आता कायद्याने ती सोय उपलब्ध आहे.

उत्तरा_लेस्टर (मंगळवार, रात्री ९.४०)

गोदाकाठ, आपल्या जावेने घेतल्या त्या गोळ्या बहुधा मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल यांच्या असाव्यात. त्या राहिलेला गर्भ पाडण्यासाठी असतात आणि त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत हे आपले म्हणणे अगदी योग्य आहे. शेवंती यांनी घेतलेली गोळी वेगळी आहे. ती स्त्रीबीज बाहेर पडणे पुढे ढकलते, आणि गर्भ राहिलेला असेल तर त्याला काहीही करत नाही.

मी इंग्लंडमध्ये लैंगिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे आणि हा प्रश्न आमच्याकडे दर आठवड्याला येतो. शेवंती, आपल्या बाबतीत मला वजनाच्या आधी वेगळ्याच गोष्टीची काळजी वाटते, ती म्हणजे पाळीचा दिवस. स्त्रीबीज फुटून बाहेर पडण्याच्या साधारण दीड दिवस आधी मेंदूतून एलएच नावाच्या संप्रेरकाची लाट येते. ही लाट सुरू होण्यापूर्वी लिव्होनॉर्जेस्ट्रेल पोटात गेले तर बीज अडून राहण्याची चांगली शक्यता असते. लाट सुरू झाल्यावर गेले तर ते घेतले काय आणि न घेतले काय, जवळजवळ सारखेच. आपली सर्वांत लहान पाळी २८ दिवसांची धरली, तर बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडणार. शनिवार बारावा दिवस होता, म्हणजे गोळी घेतली तो सोमवार नेमका चौदावा. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, त्यामुळे शनिवारचा संबंध अगदी जोखमीच्या काळातला होता, आणि गोळी मात्र बहुधा उशिरा पोचली.

म्हणूनच ७२ हा आकडा मला फसवा वाटतो. काका म्हणतात तो १९९८ चा उतार खरा आहे, परंतु त्या अभ्यासात गोळी दोन हप्त्यांत दिली जात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्याच चार अभ्यासांची २०११ मध्ये एकत्र छाननी झाली तेव्हा पहिल्या चार दिवसांत तसा ठळक उतार दिसला नाही आणि पाचव्या दिवशी मात्र परिणाम एकदम ढासळला. गोळी शक्य तितक्या लवकर घ्यावी हे खरेच आहे, पण त्याचे कारण असे की दर तासाला आपण त्या लाटेच्या जवळ जात असतो, आणि ती लाट आपल्या घड्याळाकडे पाहून येत नाही.

आता वजन. आपला बीएमआय सुमारे ३३.६ येतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, तीस किंवा त्याहून अधिक बीएमआय असलेल्या स्त्रियांमध्ये लिव्होनॉर्जेस्ट्रेल घेऊनही गर्भ राहण्याचे प्रमाण सामान्य वजनाच्या स्त्रियांच्या चौपटीहून अधिक आढळले, आणि साधारण २६ बीएमआयच्या पुढे गोळी घेणे व न घेणे यांत फरक उरत नाही असा त्यांचा अंदाज निघाला. युरोपच्या संस्थेने २०१४ च्या जुलैमध्ये जे म्हटले ते काकांनी अर्धेच सांगितले. वजनाचा परिणाम होत नाही, असे त्या संस्थेने म्हटले नव्हते. पुरावा अपुरा आहे आणि ठाम निष्कर्ष काढण्याइतका भक्कम नाही, म्हणून कोणत्याही वजनाच्या स्त्रीला गोळी नाकारू नये, असे ते म्हणणे होते. या दोन विधानांत पुष्कळ अंतर आहे.

आज रात्री आणखी एक गोळी घेण्याचा मला काही लाभ दिसत नाही, कारण लाट येऊन गेली असेल तर दुसरी गोळीही तेथेच अडेल. आपल्याला आता उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तांबी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत, म्हणजे गुरुवारी रात्री साडेअकरापर्यंत, ती बसवता येते. दवाखाने तेव्हा बंद असतात, म्हणून गुरुवारची संध्याकाळ हीच खरी मुदत समजा.

औषधी_भांडार (मंगळवार, रात्री १०.१५)

उत्तराताई, आपण सांगता ते मान्य, परंतु आमच्या गावांत गोळी हेच पहिले आणि शेवटचे साधन असते हे विसरून चालणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी पाळीचा दिवस आणि बीएमआय विचारू लागलो तर ती गोळी न घेताच निघून जाईल. जड बाईला दोन गोळ्या द्याव्यात असे तुमच्याकडेच सांगतात ना?

उत्तरा_लेस्टर (मंगळवार, रात्री १०.३५)

होय, आमच्याकडे २०१७ पासून तशी सूचना आहे. वजन ७० किलोंपेक्षा किंवा बीएमआय २६ पेक्षा जास्त असेल तर युलिप्रिस्टल हे तातडीच्या गर्भनिरोधनाचे दुसरे औषध द्यावे, ते शक्य नसेल तर लिव्होनॉर्जेस्ट्रेलची दुप्पट मात्रा, म्हणजे तीन मिलिग्रॅम, एकाच वेळी द्यावी. परंतु ही मात्रा सुरुवातीलाच घ्यायची असते; दीड दिवसाने भर म्हणून घातलेली दुसरी गोळी म्हणजे दुप्पट मात्रा नव्हे.

मध्यमा (मंगळवार, रात्री ११.००)

माझा अनुभव वजनाचा नाही, परंतु दुप्पट मात्रेचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी क्षयरोगाचे औषध घेत असताना मला अशी गोळी घ्यावी लागली होती आणि त्या औषधात रिफाम्पिसिन होते. दुकानात कोणीच काही विचारले नाही. पुढे क्षयरोगाच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी सांगितले की रिफाम्पिसिनमुळे यकृत असे संप्रेरक फार भराभर निकामी करते, त्यामुळे माझे वजन ४६ किलो असूनही एक गोळी माझ्यासाठी अपुरी होती. सुदैवाने पाळी आली. ते औषध बंद केल्यानंतरही चार आठवडे हा परिणाम टिकतो, हेही मला त्याच वेळी कळले.

वऱ्हाडी_डॉक्टर (बुधवार, सकाळी ६.५०)

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, विदर्भातील एका तालुक्याच्या गावी काम करते. मध्यमा यांचा मुद्दा आपल्याकडे वजनाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण येथे क्षयरोगाचे रुग्ण पुष्कळ आहेत. फिट्ससाठी कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन घेणाऱ्यांनाही हेच लागू पडते. अशा वेळी तांबी उत्तम, आणि ती नको असेल तर दोन गोळ्या एकदम.

दुप्पट मात्रेबाबत मात्र मी उत्तराताईंइतकी आश्वस्त नाही. २०१६ मधील अभ्यासात दिसले की लठ्ठ स्त्रियांच्या रक्तात औषधाची पातळी साधारण निम्मी राहते आणि मात्रा दुप्पट केली की ती भरून निघते. हे ऐकून प्रश्न सुटला असे वाटले होते. परंतु २०२२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तीसपेक्षा अधिक बीएमआय आणि किमान ८० किलो वजन असलेल्या ७० स्त्रियांना एक किंवा दोन गोळ्या देऊन, सोनोग्राफीने बीज अडले की नाही ते पाहिले. एका गोळीने सुमारे ५१ टक्के स्त्रियांमध्ये आणि दोन गोळ्यांनी ६९ टक्के स्त्रियांमध्ये ते निदान पाच दिवस अडले, पण एवढ्या लहान गटात हा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे दुप्पट मात्रा सरस असल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणजे रक्तातील पातळी भरून निघाली, तरी बीज अडेलच असे सांगता येत नाही. माझ्याकडे कोणी वेळेत आले आणि तांबी नको म्हणाले तर मी दोन गोळ्या देते, पण त्यावर विसंबून राहा असे म्हणत नाही.

शेवंतीताई, आपण आज सकाळीच दवाखान्यात जावे असे मला वाटते. उद्याची वाट पाहू नका, कारण पहिल्या ठिकाणी नकार मिळाला तर दुसरीकडे जायला वेळ हवा.

शेवंती (बुधवार, दुपारी १.२०)

सर्वांचे आभार. मी सकाळी जवळच्या एका खाजगी रुग्णालयात गेले होते. मूल झालेले नसेल तर आम्ही तांबी बसवत नाही, पाळी चुकली तर या, असे त्यांनी सांगितले. एका मैत्रिणीने युलिप्रिस्टल चांगले असते असे कळवले आहे. तिची बहीण परदेशातून परवा येणार आहे आणि ती गोळी आणू शकेल. ती १२० तासांपर्यंत चालते ना? मग तांबीऐवजी तीच घेतली तर?

उत्तरा_लेस्टर (बुधवार, दुपारी २.००)

परवा म्हणजे शुक्रवार. तेव्हा १२० तास उलटून गेलेले असतील, त्यामुळे तो मार्ग येथेच बंद होतो. पण ती गोळी आज हातात असती तरी मी आपल्याला ती सुचवली नसती, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

युलिप्रिस्टलची तीस मिलिग्रॅमची गोळी लिव्होनॉर्जेस्ट्रेलपेक्षा सरस ठरते ती लाट सुरू झाल्यानंतरच्या, परंतु शिगेला पोचण्यापूर्वीच्या थोड्या काळात. त्या अवस्थेत तिने सुमारे ७९ टक्के वेळा बीज निदान पाच दिवस अडवले, लिव्होनॉर्जेस्ट्रेलने १४ टक्के वेळा. जादा वजनाचा परिणाम तिच्यावरही होतो, फक्त तो बऱ्याच पुढे, साधारण ३५ बीएमआयच्या आसपास, जाणवू लागतो. हे सगळे तिच्या बाजूचे आहे. परंतु ती प्रोजेस्टेरॉनची जागा अडवून काम करते आणि लिव्होनॉर्जेस्ट्रेल हे त्याच जातीचे संप्रेरक आहे. मागच्या सात दिवसांत ते पोटात गेले असेल तर दोघे एकाच जागेसाठी भांडतात आणि युलिप्रिस्टलचा जोर कमी होऊ शकतो. म्हणूनच कोणती गोळी घ्यायची हे पहिल्या गोळीपूर्वी ठरवावे लागते. शनिवारी रात्री आपण येथे असतात तर मी आपल्याला रविवारी सकाळी तांबीसाठी बोलावले असते आणि तोवर युलिप्रिस्टल दिले असते. आमच्याकडे ते दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. भारतात ते सहजासहजी हाती लागत नाही, हे मला माहीत आहे.

वऱ्हाडी_डॉक्टर (बुधवार, दुपारी २.४५)

मूल नसलेल्या स्त्रीला तांबी बसवू नये हा जुना समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत मूल नसणे हे नकाराचे कारण नाही. ओटीपोटात किंवा गर्भाशयाच्या मुखाशी सध्या जंतुसंसर्ग असेल, गर्भाशयाचा आकार गाठींमुळे बिघडला असेल, किंवा गर्भ आधीच राहिलेला असेल तर बसवत नाहीत. मूल झालेले नसेल तर बसवताना दुखते जरा जास्त, आणि ती आपोआप बाहेर पडण्याची शक्यता थोडी अधिक असते, एवढेच.

आपण जिल्हा रुग्णालयाच्या किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कुटुंबनियोजन विभागात जा. तेथे तांबी विनामूल्य बसवतात. ‘पाळणा लांबवायचा आहे’ असे मोघम सांगू नका, नाहीतर पुढच्या पाळीनंतर या असे उत्तर मिळेल. शनिवारी रात्री निरोध फाटला, सोमवारी गोळी घेतली, वजन ८४ किलो आहे आणि तातडीचे गर्भनिरोधन म्हणून तांबी हवी आहे, असे याच क्रमाने सांगा. शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून न्या. लघवीची तपासणी करतील. ती शनिवारच्या संबंधाबद्दल आज काहीच सांगू शकत नाही, परंतु आधीच्या महिन्यातला गर्भ नाही ना एवढे त्यातून कळते.

तांबीवर वजनाचा परिणाम होत नाही, कारण तिचे काम रक्तातून चालत नाही. तांब्याचे कण शुक्राणूंना आणि बीजाला जागेवरच निकामी करतात, आणि बीज फळलेच तर ते रुजण्यालाही आडकाठी होते. म्हणूनच बीज बाहेर पडून गेल्यावरही ती उपयोगी पडते. तातडीने बसवलेल्या हजार स्त्रियांत एखादीलाही क्वचितच गर्भ राहतो.

उद्या जमलेच नाही तर एक आडवाट आहे. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे बीज बाहेर पडण्याच्या लवकरात लवकरच्या दिवसानंतर पाच दिवसांपर्यंत ती बसवता येते. आपल्या हिशेबाने तो एकोणिसावा दिवस, म्हणजे येता शनिवार. पण येथील डॉक्टर हा हिशेब मान्य करतीलच असे नाही, म्हणून त्याच्या भरवशावर थांबू नका.

अनिकेत_ठाणे (बुधवार, सायंकाळी ६.१५)

थोडा वेगळा प्रश्न विचारतो. माझ्या पत्नीची उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो आहे, म्हणजे बीएमआय २५. ती सत्तर किलोंच्या वर आहे, पण बीएमआय सव्वीसच्या खाली. अशी वेळ आलीच तर तिने एक गोळी घ्यावी की दोन?

उत्तरा_लेस्टर (बुधवार, सायंकाळी ७.००)

आमच्या सूचनेत वजन ‘किंवा’ बीएमआय असे म्हटले आहे, त्यामुळे आमच्या केंद्रात तिला जास्त वजनाच्या गटात धरले जाईल. तांबीबद्दल आधी विचारू, मग युलिप्रिस्टल, मग दोन गोळ्या.

वऱ्हाडी_डॉक्टर (बुधवार, रात्री ९.३०)

मी तिला एकच गोळी दिली असती, पण लवकर, आणि पाळी कोणत्या दिवसावर आहे ते विचारून. उंच स्त्रीचे ७४ किलो आणि ठेंगण्या स्त्रीचे ७४ किलो यांत औषधाच्या दृष्टीने किती फरक पडतो, हे हाती असलेल्या आकड्यांवरून ठरत नाही. त्या अभ्यासांत गर्भ राहिलेल्या स्त्रियाच मुळात थोड्या होत्या.

औषधी_भांडार (बुधवार, रात्री १०.००)

तज्ज्ञांचीच दोन मते असतील तर दुकानदाराने काय करावे? मी मात्र उद्यापासून निदान क्षयरोगाचे किंवा फिट्सचे औषध चालू आहे का एवढे विचारीन. वजन विचारणे मला जमेल असे वाटत नाही.

शेवंती (गुरुवार, सायंकाळी ५.४०)

आज दुपारी शासकीय रुग्णालयात तांबी बसवून आले. सांगितलेल्या क्रमाने बोलले, तरी पहिल्या बाईंनी पाळी आल्यावर या असेच म्हटले. तारखांचा कागद पुढे केल्यावर त्यांनी आतल्या डॉक्टरांना बोलावले आणि मग अडचण आली नाही. बसवताना कळ बरीच आली, आता पाळीसारखे दुखत आहे. आत बसवली ती पाच वर्षांची आहे असे सांगितले. आता दोन शंका आहेत. पाळी वेळेवर आली तर तपासणी करायची गरज आहे का? आणि पुढे ही तांबी काढायची झाल्यास केव्हा काढता येईल?

वऱ्हाडी_डॉक्टर (गुरुवार, रात्री ८.१०)

वेळेत झाले हे उत्तम. तपासणी कराच, कारण सोमवारच्या गोळीमुळे मधेच रक्तस्राव होऊ शकतो आणि तो पाळी समजला जातो. शिवाय गोळीने पाळी आठवडाभर मागेपुढेही होऊ शकते. शनिवारपासून तीन आठवडे पूर्ण झाले की सकाळच्या लघवीची चाचणी करा, ती नकारार्थी आली की हा विषय संपला. पुढच्या पाळीनंतर दोरा जागेवर आहे की नाही ते दाखवून या. तांबी नको वाटली तर पाळी येऊन गेल्यावर केव्हाही काढता येते, मात्र त्याआधी दुसरे साधन सुरू केलेले असावे. पहिले तीन-चार महिने पाळीत रक्तस्राव आणि दुखणे वाढते. परंतु ताप आला, दुर्गंधी असलेला स्राव जाऊ लागला किंवा कळ वाढतच गेली तर, विशेषतः पहिल्या तीन आठवड्यांत, तशाच परत जा. आणि चाचणी सकारात्मक आली तर लगेच सोनोग्राफी करून घ्या, कारण तांबी असताना राहिलेला गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याची शक्यता तपासावी लागते.